मागच्या काचेचा डिफॉगर चालत नाही? आधी काचेकडे नीट बघा, मग फ्यूज, स्विच आणि लाईनी

पावसाळ्यात घाटात गाडी चालवणाऱ्याला मागच्या काचेवरच्या त्या तपकिरी आडव्या लाईनींची किंमत कळते. आत चार-पाच माणसं, ओले कपडे, काचा बंद, बाहेर गार हवा, की दहा मिनिटांत मागची काच पांढरी होते आणि आरशात काहीच दिसत नाही. मग आपण डिफॉगरचं बटण दाबतो, त्यावरचा दिवा पण लागतो, आणि काच तशीच पांढरी राहते. अशा वेळी बरेच जण थेट "काच गेली, बदला" इथपर्यंत पोचतात आणि काही गॅरेजवाले पण तेच सांगतात कारण काच बदलणं सोपं, शोधाशोध करणं कटकटीचं. खरं तर दोन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर आणि अर्धा तास असेल तर बिघाड नक्की कुठे आहे ते बहुतेक वेळा घरीच कळतं, आणि काच बदलायची वेळ क्वचित येते.

आधी ती जाळी काम कशी करते ते थोडक्यात बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या लाईनी म्हणजे काचेत पुरलेल्या तारा नाहीत. चांदी मिसळलेली पेस्ट काचेच्या आतल्या बाजूवर छापून भट्टीत भाजलेली असते. डावी-उजवीकडे एकेक जाड उभी पट्टी असते आणि त्या दोघींना जोडणाऱ्या दहा-बारा बारीक आडव्या लाईनी, म्हणजे आडव्या पायऱ्यांची शिडी समजा. एका पट्टीला बॅटरीचा प्लस येतो, दुसरी पट्टी गाडीच्या बॉडीला जोडलेली असते, करंट परत जायची ही वाट, तिलाच अर्थ म्हणतात. प्रत्येक लाईनमधून थोडा थोडा करंट जातो, लाईन कोमट होते, आणि तिच्या आजूबाजूची काच दव धरतं त्या तापमानाच्या वर गेली की धुकं उडून जातं. सगळ्या लाईनी मिळून साधारण 10 ते 20 अँपिअर खातात, गाडीप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे दीड-दोनशे वॅट, हेडलाईटच्या जोडीपेक्षा जास्तच. छोट्या गाडीत एवढा मोठा लोड दुसरा फारसा नसतो, म्हणूनच त्याला स्वतःचा वेगळा फ्यूज आणि रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच, दिलेला असतो, आणि म्हणूनच तो दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतो. हे बंद होणं बिघाड नाही. "चालू केला की थोड्या वेळाने बंद पडतो" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. सगळ्या लाईनी समांतर जोडलेल्या आहेत. एक तुटली तर फक्त तेवढीच मरते, बाकीच्या आपापलं काम करत राहतात. म्हणजे काचेवर एखाद-दोन आडवे पट्टे पांढरे राहिलेत आणि बाकी काच साफ झाली असेल तर फ्यूज, रिले, स्विच यांना हात पण लावू नका, ते सगळे ठीक आहेत, नाहीतर बाकीच्या लाईनी तापल्याच नसत्या. उलट अख्खी काच पांढरी असेल तर लाईनी शोधत बसू नका, कारण दहाच्या दहा लाईनी एकाच दिवशी तुटणं म्हणजे कुणीतरी ब्लेडने काच खरवडली असेल तरच. तिथे फ्यूज, रिले, स्विच, वायर नाहीतर अर्थ यातलं काहीतरी गेलंय. हा एवढा एक फरक लक्षात ठेवला तर निम्मं काम झालं, आणि मिस्त्री जर एका पट्ट्यासाठी फ्यूज बदलून पैसे मागत असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

ऊन असेल, काचेवर धुकंच नसेल तर बघायचं कसं? गाडीच्या आत मागच्या काचेजवळ उकळत्या पाण्याची छोटी बादली ठेवा, सांडणार नाही अशी, आणि दारं बंद करून पाच मिनिटं थांबा, काच पांढरी होते. मग बादली बाहेर काढा, इंजिन चालू करा, डिफॉगर लावा आणि बाहेरून बघत राहा. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक जिवंत लाईनभोवती साफ पट्टा दिसायला लागतो. जिथे दिसत नाही ती मेलेली. इंजिन चालू ठेवाच, कारण बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असेल तर डिफॉगर लागतच नाही, आणि लागला तर बॅटरी खातो. एक लाईन डावीकडून अर्धी साफ आणि उजवीकडे पांढरी असं कधीच होत नाही हे पण लक्षात घ्या, करंट जातो तर पूर्ण लाईनमधून जातो नाहीतर अजिबात नाही. अर्धवट साफ झालेली लाईन दिसली तर बहुतेक शेजारच्या लाईनची ऊब तिथे पोचलेली असते.

अजून एक, काचेवर बाहेरून पडणारे पावसाचे थेंब हा डिफॉगर वाळवत नाही, ते काम मागच्या वायपरचं. आणि तुमच्या काचेवर लाईनी आहेत म्हणजे डिफॉगर आहेच असंही नाही. काही गाड्यांत वरच्या बाजूला दिसणाऱ्या एक-दोन बारीक लाईनी रेडिओच्या अँटेनाच्या असतात. स्वस्त व्हेरियंटमध्ये तर बटणाच्या जागी कोरं झाकण असतं. बटणच नसेल तर शोधण्यासारखं काही नाही.

समजा अख्खी काच पांढरी आहे. पहिलं बघायचं ते बटण. दाबल्यावर त्यावरचा दिवा लागतो का? दिवा लागतो याचा अर्थ फक्त एवढाच की बटणाची विनंती पुढे गेली. काचेपर्यंत करंट पोचला असा त्याचा अर्थ होत नाही, आणि इथेच लोक फसतात. दिवा लागतच नसेल तर बटण, बटणाचा प्लग किंवा फ्यूज यांच्यावर संशय. दिवा लागत असेल तर कान लावा, इंजिन बंद, इग्निशन ऑन, आणि बटण दाबताना फ्यूज बॉक्सच्या बाजूने रिलेचा "टिक" आवाज येतो का ऐका. ज्या गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय रिले उठत नाही तिथे इंजिन चालू ठेवून दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि रिलेवर बोट ठेवा, टिक बोटाला जाणवतं.

याच्यापेक्षा सोपी एक युक्ती आहे ती मला फार आवडते. सिगारेट लायटरच्या सॉकेटला मल्टीमीटर लावा, व्होल्टेज बघत बघत डिफॉगर चालू-बंद करा. एवढा मोठा लोड चढला की आकडा क्षणभर तरी 0.1-0.3 व्होल्टने खाली येतो, मग अल्टरनेटर तो परत वर उचलतो. जुन्या गाडीत आयडलिंगचा आवाज पण किंचित बदलतो, रात्री हेडलाईट एकदा डोळा मिचकावतात. आकडा हलला म्हणजे करंट कुठेतरी खरंच वाहतोय. अजिबात हलला नाही म्हणजे करंट वाहतच नाही, वाट कुठेतरी तुटलीय.

फ्यूज. बहुतेक गाड्यांत दोन फ्यूज बॉक्स असतात, एक ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डखाली आणि एक बोनेटखाली बॅटरीजवळ. डिफॉगरचा कोणता ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं, "डेफ", "रिअर डेफ" असं काहीतरी, नाहीतर मालकाच्या पुस्तकात सापडतं. 20 अँपिअरचा पिवळा, 25 चा पांढरट पारदर्शक, 30 चा हिरवा, यातला एक असतो. फ्यूज उपटून उजेडात धरून बघण्यापेक्षा जागेवरच तपासलेला बरा. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या कुठल्याही रंग नसलेल्या बोल्टला, लाल पिन एकेका ठिपक्यावर. दोन्हीवर 12 च्या आसपास व्होल्ट, फ्यूज चांगला. एकावर 12 आणि दुसऱ्यावर शून्य, फ्यूज उडालेला. दोन्हीवर शून्य असेल तर त्या फ्यूजला वीजच आलेली नाही, कदाचित इग्निशन ऑन हवंय किंवा तो फ्यूज रिलेच्या नंतर असल्यामुळे डिफॉगर चालू असतानाच त्याला वीज मिळते. म्हणून डिफॉगर चालू ठेवून परत बघा.

उडालेला फ्यूज त्याच अँपिअरचा टाका, मोठा टाकू नका. लोक 20 च्या जागी 30 टाकतात आणि म्हणतात आता चालतंय. फ्यूज मोठा केला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर तापते आणि ती वायर गालिच्याखालून जात असते. नवीन फ्यूज पण लगेच उडाला तर पुढे कुठेतरी प्लसची वायर बॉडीला चिकटतेय. आणि बटण दाबल्याबरोबर न उडता डिकी उघड-बंद केल्यावर उडत असेल तर जागा मी इथे बसून सांगतो, डिकीच्या बिजागरीपाशी असलेल्या रबरी नळीत. तिच्याकडे पुन्हा येऊच.

रिलेची तपासणी सगळ्यात सोपी. बॉक्समध्ये त्याच नंबरचा, त्याच पायांचा दुसरा रिले असेल, हॉर्नचा वगैरे, तर दोघांची अदलाबदल करा. डिफॉगर चालला आणि हॉर्न बंद पडला, रिले गेला, नवीन आणा. नव्या गाड्यांत रिले बॉडी कंट्रोलच्या डब्यात सोल्डर केलेला असतो, तिथे हे जमत नाही, मग बटणाचा दिवा लागतोय आणि डिफॉगरच्या फ्यूजच्या पुढे वीज येत नाही एवढंच सिद्ध करून इलेक्ट्रिशियनकडे न्यायचं.

फ्यूज, रिले ठीक असले तर काचेकडे या. डिकीच्या आतून काचेच्या दोन्ही बाजूच्या जाड पट्ट्यांना एकेक वायर चिकटवलेली दिसते, टर्मिनलवर प्लग बसवलेला असतो. डिफॉगर चालू, प्लग जोडलेले, आणि मल्टीमीटरने दोन्ही पट्ट्या बॉडीच्या तुलनेत मोजा. प्लग काढून मोजू नका, हे मुद्दाम सांगतोय. तुटत आलेल्या वायरीत एकच बारीक धागा शिल्लक असला तरी लोड नसताना मीटर 12 दाखवतो, आणि तुम्ही म्हणता वीज येतेय. लोड जोडला की तोच आकडा 3 वर येतो. मीटर खोटं बोलत नाही, प्रश्न चुकीचा विचारलेला असतो.

इंजिन चालू असताना चांगल्या काचेवर एका पट्टीवर 13 च्या आसपास दिसायला हवं आणि दुसरीवर जेमतेम शून्य, 0.2-0.3 पर्यंत चालतं. आता बिघाड वाचा. दोन्ही पट्ट्यांवर शून्य आलं तर काचेपर्यंत प्लस पोचत नाहीये. दोन्ही पट्ट्यांवर 13 आलं तर प्लस पोचतोय पण परत जायला अर्थची वाट नाही, काच नुसती भरून उभी आहे, करंट वाहत नाही. पहिल्यांदा बघणारे दोन्हीकडे 13 बघून खूष होतात, पण तो बिघाडच आहे. अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने धरलेली असते तिथे गंज चढलेला असतो, कोकणात आणि गोव्यात तर फारच. बोल्ट काढून पॉलिश पेपरने जागा चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. दुसऱ्या पट्टीवर शून्याऐवजी 2-3 व्होल्ट दिसत असतील तर अर्थ अर्धवट आहे, तेव्हा काच तापते पण मंद, "चालतो पण पूर्वीसारखा नाही" ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

प्लस पोचत नसेल आणि गाडी हॅचबॅक किंवा एसयूव्ही असेल तर ती रबरी नळी. छप्पर आणि डिकीचं दार यांच्या मधे पन्हाळीसारखी घड्या असलेली काळी नळी दिसते, तिच्यातून मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा, वरचा ब्रेक लाईट आणि डिफॉगर यांच्या वायरी जातात. दार उघड-बंद होताना त्या प्रत्येक वेळी वाकतात, आणि काही वर्षांनी प्लॅस्टिकचं कव्हर शाबूत राहून आत तांबं तुटतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. ओळखायची खूण अशी की डिफॉगरबरोबर यातलं आणखी काहीतरी बंद असतं किंवा दार ढकललं की मधूनच चालू होतं. मीटर पट्टीला लावून ठेवा आणि कुणाला तरी दार हळूहळू वर-खाली करायला सांगा. आकडा उड्या मारायला लागला की शोध संपला. नळी एका टोकाने सोडवून मागे सरकवा, वायरी एकेक करून हलकेच ओढा, तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. जोड देताना त्याच जाडीची मऊ, खूप धाग्यांची वायर घ्या, थोडी लांब ठेवा, आणि जोड वाकणाऱ्या जागी न ठेवता दोन्ही टोकांना आत ढकला. टेप गुंडाळलेला जोड नळीत ठेवला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत तेच. सेडान गाडीत काच हलत नाही म्हणून ही भानगड नसते, तिथे वायरी मागच्या खांबाच्या पॅनेलखालून येतात.

टर्मिनलच काचेवरून निघून आलेलं असेल तर ते डोळ्यांना दिसतंच. मागच्या सीटवर ठेवलेलं सामान त्यात अडकतं किंवा काच पुसताना ओढलं जातं. आपल्याकडे त्यावर लगेच फेविक्विक नाहीतर एमसील लावतात. चिकटतं छान, पण दोन्हीतून करंट जात नाही, उलट मधे थर बसतो आणि मग तो खरवडून काढायला लागतो. इथून अख्ख्या काचेचा करंट जातो, म्हणून लाईन दुरुस्त करायचा चांदीचा रंग पण इथे पुरत नाही. एकतर दोन भाग मिसळून लावायचं चांदीचं कंडक्टिव्ह इपॉक्सी, नाहीतर चांदी मिसळलेलं सोल्डर. सोल्डर करायचं तर काच आधी हेअर ड्रायरने कोमट करा, टर्मिनलला आणि पट्टीला वेगवेगळं पातळ सोल्डर चढवा आणि मग दोन-तीन सेकंदांत जोडून सोल्डरिंग आयर्न उचला. गार काचेवर एकाच जागी आयर्न धरून बसलात तर काच तडकायची भीती आहे, आणि टफन्ड काच एकदा फुटली की तिचे दाणे होतात. हात बसलेला नसेल तर इपॉक्सीच बरं.

आता उलटी केस, म्हणजे बाकी काच साफ आणि एखादी लाईन मेलेली. इथे सगळे एकच गोष्ट करतात, मीटर बीपवर ठेवून लाईनच्या दोन टोकांना पिना लावतात, बीप वाजतो, आणि म्हणतात लाईन चांगली आहे. बीप वाजणारच, कारण बाकीच्या नऊ-दहा लाईनींमधून वाट आहेच ना. अख्ख्या जाळीचा रेझिस्टन्स साधारण एक ओहमच्या आसपास असतो, एक लाईन तुटल्याने त्यात फार फरक पडत नाही. म्हणून इथे ओहम नाही, व्होल्टेज मोजायचं.

काळी पिन बॉडीला. लाल पिनच्या टोकाला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉईल दोन-तीन वेढे गुंडाळून छोटा बोंडा करा, कारण उघडी पिन त्या पातळ लाईनवर ओढली तर आपणच नवीन तोड करून ठेवतो. डिफॉगर चालू. आता प्रत्येक लाईनच्या बरोबर मधोमध फॉईल टेकवा. चांगल्या लाईनच्या मधे पट्टीच्या निम्मं व्होल्टेज येतं, 13 असेल तर साडेसहाच्या आसपास. कारण प्लसपासून अर्थपर्यंत जाताना व्होल्टेज लाईनभर सारखं उतरत जातं, मधे निम्मं उरतं. तुटलेल्या लाईनमधून करंटच जात नाही, म्हणून तिथे काही उतरतही नाही. तोड अर्थच्या बाजूला असेल तर मधे पूर्ण 13 दिसतं, तोड प्लसच्या बाजूला असेल तर मधे शून्य. एका स्पर्शात कळतं लाईन जिवंत की मेलेली, आणि मेलेली असेल तर कुठल्या अर्ध्यात.

मग त्या अर्ध्यात फॉईल हळूहळू सरकवत जा. आकडा 13, 13, 13 आणि अचानक शून्य. जिथे उडी मारली ती जागा. काचेच्या बाहेरच्या बाजूला तिथे मार्करने ठिपका करा किंवा टेपचा तुकडा लावा. भिंग घेऊन बघितलं तर केसाएवढी चीर दिसते, कधी दिसतही नाही.

एका ओळखीच्या हॅचबॅकवर हे केलेलं सांगतो म्हणजे आकडे डोळ्यापुढे येतील. काचेवर दहा लाईनी, खालच्या तीन मेलेल्या, वरचं सगळं साफ. प्लस डावीकडे 13.2, अर्थ उजवीकडे 0.2. वरच्या सात लाईनींच्या मधे 6.6, 6.8, 6.7 असे आकडे. खालच्या तिन्हींच्या मधे 13.2. म्हणजे तोड उजव्या अर्ध्यात. सरकवत गेलो तर आठव्या आणि नवव्या लाईनची तोड उजव्या पट्टीपासून साधारण वीतभर अंतरावर, एकीखाली एक, सरळ उभ्या रेषेत. अशी ओळीत तोड दिसली की समजायचं काहीतरी घासलंय, आणि बघितलं तर पार्सल ट्रेच्या वर ठेवलेल्या खोक्याचा कोपरा बरोबर तिथे टेकत होता. दहाव्या लाईनचा आकडा मात्र विचित्र, त्याच जागी 13 वरून उतरून 1.4, 0.9, परत 2 असा डुलायला लागला आणि आणखी चार बोटं पुढे सरकल्यावर 0.2 वर स्थिर. याचा अर्थ त्या लाईनला दोन तोडी, मधला तुकडा दोन्हीकडून सुटलेला, म्हणून मीटरला तिथे धड काही सापडत नाही. अशी लाईन एकच तोड जोडून चालू होत नाही, आणि मग लोक म्हणतात रंग खराब होता.

दुरुस्तीला चांदीचा कंडक्टिव्ह रंग लागतो, छोट्या बाटलीत किंवा पेनमध्ये मिळतो, ऑनलाईन आहेच, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारून बघा. ग्रॅफाईटचा काळा रंग स्वस्त मिळतो पण त्याचा रेझिस्टन्स इतका जास्त की इथे उपयोग नाही. डिफॉगर बंद करा, प्लग काढा. तोडीच्या आजूबाजूची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोट लावू नका. लाईनच्या वर आणि खाली मास्किंग टेपचे दोन तुकडे असे लावा की मधे फक्त लाईनएवढी फट उरेल. बाटली भरपूर हलवा, चांदी तळाला बसलेली असते, न हलवता लावला तर नुसतं पातळ द्रावण काचेवर जातं. तोडीच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर जुन्या लाईनवर चढेल असा पातळ हात द्या, वाळू द्या, परत द्या, दोन-तीन हात. एकच जाड थेंब ठेवू नका, तो आतून ओला राहतो. आणि एकच पातळ हात दिला तर तेवढ्याच जागी रेझिस्टन्स जास्त होऊन ती जागा जास्त तापते आणि थोड्या दिवसांत जळून परत तोड होते. टेप रंग अगदी दगड व्हायच्या आधी काढा, लाईनच्या दिशेने हळू ओढत, नाहीतर टेपबरोबर रंगाची कड निघते. नंतर बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा, बहुतेक ठिकाणी एक दिवस सांगतात, तोपर्यंत डिफॉगर लावायचा नाही.

त्या गाडीला चार ठिकाणी रंग लावला, दुसऱ्या दिवशी तिन्ही लाईनींच्या मधे 6.5 ते 7 च्या मधले आकडे आले. एका जोडाच्या अलीकडे-पलीकडे मोजलं तर 0.4 व्होल्टचा फरक होता, म्हणजे तो जोड जरा कमजोर, त्यावर अजून एक हात दिला. हे जोडाच्या दोन्ही बाजूंना मोजून बघणं फार कमी लोक करतात, पण जोड टिकणार की नाही ते तिथेच कळतं.

हे सगळं तोड छोटी असेल तोपर्यंत. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त लाईन उडाली असेल तर रंगाने भरलेला लांब तुकडा मूळ लाईनसारखा वागत नाही. आणि सन फिल्मवाल्या काचांची तर वेगळीच कथा. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हा रस्त्यावर उभं करून आणि घरी भराभर फिल्म ओरबाडल्या गेल्या, आणि मागच्या काचेवरची फिल्म आतून, थेट लाईनींवर चिकटवलेली असते. ती कोरडी ओढली की लाईनी फिल्मबरोबर उठून येतात. अजूनही जुन्या गाड्या विकत घेताना फिल्म काढलेली मागची काच दिसली तर मीटर लावून बघा. काढायचीच असेल तर वाफेने किंवा हेअर ड्रायरने गोंद मऊ करून, लाईनीच्या दिशेने, आडवी, हळूहळू काढायची, आणि उरलेला गोंद ब्लेडने खरवडायचा नाही. काच पुसताना पण हात आडवा, लाईनीबरोबर फिरवा.

शेवटी काच बदलायचीच वेळ आली तर दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून ऑर्डर देऊ नका. त्याच मॉडेलची बिनडिफॉगरची काच पण असते आणि ती स्वस्त असते, बाहेरून लांबून बघितली तर फरक कळत नाही. डिफॉगरवाली, अँटेनाची लाईन तुमच्या जुन्या काचेत असेल तर तीही असलेली, आणि टर्मिनल जुन्या जागीच आहेत ना हे काच बसवायच्या आधी बघा, आणि काच चिकटवल्यावर पण पैसे द्यायच्या आधी दोन-तीन लाईनींच्या मधे मीटर लावून साडेसहा येतंय का तेवढं तिथेच बघून घ्या.